अर्धे म्हणजे कुठले अर्धे?

मी ज्यांना लिहायला-वाचायला शिकवत होते त्या मावशींना बाराखडी येऊ लागली होती, काना, मात्रा, वेलांटी, उकार असलेले साधे शब्द त्या बोट ठेवून का होईना पण न अडखळता वाचत होत्या, म्हणून एका संध्याकाळी मी जोडाक्षरे शिकवायला घेतली आणि मोठ्या उत्साहाने वहीत लिहिले: प् + य = प्य. वर तोंडाने म्हटले, "हा अर्धा प आणि हा पूर्ण य, दोघे जोडले की प्य." मावशींनी बराच वेळ त्या ओळीकडे पाहिले आणि विचारले, "ताई, अर्धा म्हणजे कुठला अर्धा? वरचा की खालचा? उजवा की डावा?" मी म्हटले, अर्धा उच्चार. त्यावर त्यांनी प्रामाणिकपणे अर्धा प उच्चारून पाहिला. तोंडातून आला तो "प". पुन्हा प्रयत्न केला, अगदी हळू आवाजात केला, तरी "प"च आला, फक्त लहान आवाजातला.

माझी पद्धत तिथेच संपली, हे मला त्या दिवशी कळले नाही. मी आणखी आठवडाभर पाय मोडलेली अक्षरे गिरवून घेतली. शाळेत मला तसेच शिकवले होते आणि ते मला जमले होते. आता वाटते की सहा-सात वर्षांच्या मुलाला ते जमते, कारण ते मूल अक्षर आणि उच्चार दोन्ही एकाच वयात, एकमेकांच्या हाताला धरून शिकत असते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडात मात्र भाषा पूर्ण तयार असते. मावशी दिवसभरात शेकडो जोडाक्षरे बोलतात. "त्याच्या", "म्हणून", "पुन्हा", "आम्ही" हे शब्द उच्चारताना त्यांची जीभ कुठेही अडत नाही. अडचण उच्चाराची नव्हतीच. मी त्यांना येत असलेली गोष्ट तोडून, तिचे एक टोक हातात देऊन, हे टोक एकटे उच्चारा असे सांगत होते. स्वर नसलेला प एकटा उच्चारणे हे भाषेच्या वापरात कधी करावे लागत नाही, ते फक्त व्याकरणाच्या तासाला करावे लागते.

म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात केली. तोडण्याऐवजी अख्खा शब्द घ्यायचा, तो त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्यायचा आणि मग तो कागदावर कसा दिसतो ते दाखवायचे. प्रश्न एवढाच उरला की कोणते शब्द घ्यायचे. जोडाक्षर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विद्यार्थी, स्वातंत्र्य, राष्ट्र असे भारदस्त शब्द येतात आणि आपल्याला वाटते की जोडाक्षरे म्हणजे संस्कृतातून आलेली अवघड बाब. मराठी मजकुराचे कोणतेही पान समोर ठेवून त्यातली जोडाक्षरे पेन्सिलीने गोल करून पाहावीत. बहुतेक गोल पडतात ते च्या, त्या, ल्या, ज्या, म्ह, न्ह, व्ह यांच्याभोवती. "त्याच्या आईला आम्ही पुन्हा भेटलो" या साध्या वाक्यात चार जोडाक्षरे आहेत आणि त्यातले एकही अवघड शब्दातले नाही. ही मराठीच्या रोजच्या विभक्तीतून आणि सर्वनामांतून आलेली जोडाक्षरे आहेत. ज्याला ही सहा-सात आली त्याला एखाद्या पत्रातला किंवा सूचनेतला बराचसा मजकूर उलगडतो, आणि राष्ट्र थांबू शकते.

त्यातही एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. मराठीतली कितीतरी जोडाक्षरे बोलणारा माणूस स्वतः तयार करत असतो. मी मावशींना म्हटले, एक काठी, अनेक? त्या म्हणाल्या, काठ्या. एक कळी? कळ्या. नदी? नद्या. खुर्ची? खुर्च्या. इथे शिकवण्यासारखे काही नव्हतेच, ही त्यांची भाषा होती. मी फक्त दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले, कळी आणि कळ्या, आणि विचारले की काय बदलले. त्यांनी बोटाने दाखवले की ळ तोच आहे, मागची वेलांटी गेली आणि त्या जागी "या" येऊन चिकटला. मी पाय मोडण्याचे नाव काढले नाही. ळ चा उच्चार तोकडा झाला हे त्यांना ऐकू आले होते आणि य चिकटला हे दिसले होते, तेवढ्यावर वाचन चालू झाले. त्या आठवड्यात आम्ही फक्त एकाचे अनेक करत होतो आणि वहीची चार पाने भरली.

लिहिण्याची वेळ आली तेव्हा "कुठला अर्धा" हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि या वेळी त्याचे नीट उत्तर द्यावे लागले. मी जाड कागदाची पत्ते खेळायच्या आकाराची कार्डे कापली आणि प्रत्येकावर एकेक व्यंजन मोठे लिहिले, असे की अक्षराची उजवी उभी रेघ बरोबर कार्डाच्या उजव्या कडेला यावी. मग प चे कार्ड घेतले आणि ती कड मागे दुमडली. रेघ नाहीशी झाली, अक्षराचे पोट राहिले. दुमडलेले कार्ड य च्या कार्डाला भिडवले की प्य तयार. मावशींनी कार्ड हातात घेऊन कड उलगडली, पुन्हा दुमडली, पुन्हा उलगडली. "म्हणजे रेघ काढली की अ गेला," त्या म्हणाल्या. मी हे वाक्य इतक्या नेमकेपणाने त्यांना कधी सांगितले नव्हते.

मग सगळ्या कार्डांचे ढीग केले. मराठीतली ङ, ञ, ळ धरून 34 व्यंजने घेतली, तर 22 अक्षरांना शेवटी उभी रेघ असते आणि ती सगळी दुमडता येतात. ग, ण आणि श यांची रेघ तर आधीच सुटी उभी असते. क आणि फ यांची रेघ मध्यात असते, त्यांची कड दुमडून भागत नाही, उजवीकडची शेपटी आखडती घेऊन पुढच्या अक्षराला टेकवावी लागते. राहिलेल्या 10 अक्षरांना, म्हणजे ङ, छ, ट, ठ, ड, ढ, द, र, ह आणि ळ यांना, काढून टाकावी अशी रेघच नाही. मावशींनी ट चे कार्ड दुमडून पाहिले आणि अर्धवट कापलेला ट पाहून त्यांना हसू आले. ज्याला काढायला काही नाही त्याचा पाय मोडायचा किंवा पुढच्या अक्षराने त्याच्या अंगाला चिकटायचे, हा नियम या तिसऱ्या ढिगापुरता आला आणि म्हणून तो समजला. काठ्या, गाड्या, कळ्या हे शब्द त्यांनी आधीच वाचलेले होते, त्यांत य कसा तोंड पसरून चिकटतो हे डोळ्यांना माहीत होते. एक भानगड ल ची होते. पाकळीचा ल लिहिला तर त्याला उभी रेघ दिसत नाही आणि ढीग बदलल्यासारखा वाटतो. मी कार्डावर रेघेचा ल लिहिला आणि पाकळीचा ल नंतर, तोच माणूस वेगळ्या कपड्यांत, असा दाखवला.

इथपर्यंत सगळे सुरळीत चालले होते, आणि मग मावशींनी स्वतःच्या मनाने पाच ओळी लिहून आणल्या. त्यात "मुल्गी", "चम्चा", "बस्तो" आणि "बोल्ली" असे शब्द होते. माझ्या हातात लाल पेन होते. मी ते टेकवणार तोच "बस्तो" मोठ्याने वाचून पाहिला आणि पेन खाली ठेवले. त्यांनी जे ऐकले ते लिहिले होते. आपण "बसतो" लिहितो पण बोलताना त्या स मध्ये अ नसतो. "रस्ता" आणि "बसता" हे शब्द एकामागोमाग उच्चारून पाहावेत, त्यांचे यमक तंतोतंत जुळते. कानाला दोन्हीकडे स्ता आहे. कागदावर एकीकडे जोडाक्षर आहे आणि दुसरीकडे दोन सुटी अक्षरे आहेत.

म्हणजे जोडाक्षर वाचणे आणि जोडाक्षर लिहिणे या दोन वेगळ्या अडचणी आहेत. वाचताना काम एका दिशेने पक्के चालते: जोड दिसला की मधला अ नाही. लिहिताना ते उलट चालत नाही, कारण मधला अ ऐकू आला नाही म्हणजे जोड असेलच असे नाही. मी आधी एक उपाय सांगितला होता, तो असा की शब्द लांबून हाक मारल्यासारखा सावकाश म्हणा, लपलेला अ बाहेर येईल. मला तो येताना स्पष्ट ऐकू येई: मु-ल-गी. मावशींनी हाक मारली ती "मुऽल्-गीऽ". कितीही सावकाश म्हटले तरी त्यांचे दोनच तुकडे पडत. तेव्हा लक्षात आले की तो अ माझ्या कानात कधी नव्हता, मी शब्दाचे लिखित रूप डोळ्यांपुढे आणून हाक मारत होते. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडे हे रूप नसते, आणि त्याने ते ऐकून शोधावे अशी अपेक्षा मी करत होते. असे उपाय शिकवणाऱ्याला फार पटतात, म्हणून ते तपासून घ्यावे लागतात.

त्यापेक्षा उपयोगी पडला तो शब्दाचा तुकडा वेगळा करून पाहण्याचा उपाय. हुकूम करायचा असेल तर काय म्हणाल? बस. बोल. कर. हे शब्द एकटे उभे राहतात, मग त्यांच्यामागे तो, ली, णे असा तुकडा येतो. जिथे दोन तुकडे असे सुटतात तिथे जोडायचे नाही: बस आणि तो, बोल आणि ली. "रस्ता" मध्ये तसा हुकूम निघत नाही, "रस" आणि "ता" असे तुकडे पाडून काही अर्थ लागत नाही, म्हणून तिथे जोड असू शकतो. याने क्रियापदांचा मोठा गठ्ठा सुटला. "चमचा" आणि "मुलगी" मात्र सुटत नाहीत. अशा शब्दांसाठी वहीचे शेवटचे पान राखून ठेवले, आणि ते पाहून पाहून पाठ करायचे ठरले. मी त्या पानाला चुकांचे पान म्हणू दिले नाही.

र मी मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवला होता. इतर अक्षरे बोलण्याच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे, किंवा द्ध आणि ट्ट यांच्यासारखी वरून खाली येतात. र हा क्रम पाळत नाही. "सर्प" मध्ये तो आधी उच्चारायचा, पण तो बसलेला असतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. आणि पुढच्या अक्षराला काना किंवा दीर्घ वेलांटी असेल तर तो आणखी पुढे सरकतो. "वर्षा" मधला रफार कान्यावर आणि "मूर्ती" मधला वेलांटीच्या टोकाशी जाऊन बसतो. मावशी "सर्प" हा शब्द दोन दिवस "सप्र" असा वाचत होत्या, आणि त्यात त्यांचे काही चुकत नव्हते, कारण बोट ज्या क्रमाने जाते त्या क्रमाने त्या वाचत होत्या. आम्ही एक सवय लावून घेतली: अक्षर उच्चारण्याआधी नजर एकदा त्याच्या डोक्यावरून फिरवायची, टोपी दिसली तर आधी टोपी वाचायची. हीच सवय पहिल्या वेलांटीलाही लागू पडली. "पश्चिम" मध्ये वेलांटी श्च या अख्ख्या जोडाच्या आधी येते आणि वाचायची मात्र जोड संपल्यावर, म्हणून अक्षर पूर्ण पाहून झाल्याशिवाय तोंड उघडायचे नाही.

रफार बसल्यावर मी दोन शब्द लिहिले, "दर्या" आणि "दऱ्या", आणि काही न सांगता वही पुढे सरकवली. मावशींनी पहिला वाचला. दुसऱ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "हा वाकडा कोण?" मी विचारले, डोंगरात एक दरी असते, अनेक असल्या तर? त्यांनी उत्तर दिले आणि लगेच वहीत पाहिले. मग आम्ही दोन्ही शब्द टाळी देऊन म्हटले. समुद्र असलेल्या दर्याला पहिली टाळी "दर्" वर पडली आणि दुसरी "या" वर, म्हणजे र पहिल्या तुकड्याला जाऊन टेकला. डोंगरातल्या दऱ्यांना पहिली टाळी नुसत्या "द" वर पडली आणि र पूर्णच्या पूर्ण दुसऱ्या तुकड्यात गेला: द-ऱ्या. मावशींनी हे तीन वेळा करून पाहिले. तिसऱ्यांदा टाळी देताना त्यांनी डोळे मिटले होते.

आता इथे एक गोष्ट अशी की हा वाकडा अर्धा र त्यांना आधीपासून माहीत असलेल्या घरातला होता. दरी-दऱ्या, दोरी-दोऱ्या, पायरी-पायऱ्या हे शब्द काठी-काठ्या, कळी-कळ्या यांचेच भाऊबंद आहेत, फक्त त्यात ळ च्या जागी र आहे. शेवटी री किंवा रा असलेल्या शब्दाचे रूप बदलून हा जोड आला असेल, जसे पायऱ्या किंवा दुसऱ्या, तर र मागच्या अक्षरावर भार टाकत नाही आणि वाकडा लिहिला जातो. सूर्य, कार्य, धैर्य यांत तो मागच्या अक्षरावर आदळतो आणि टोपी होतो. आचारी असेल तर "आचाऱ्याला", आचार्य असतील तर "आचार्यांना", हे जुने उदाहरणही मग आपोआप सुटले. मला स्वतःला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हा भार इतर अक्षरांतही असतो. "उद्या" म्हणताना द मागच्या अक्षरावर आदळतो आणि "नद्या" म्हणताना आदळत नाही, तरी कागदावर दोन्हीकडे एकच द्य आहे. लिपीने हा भेद फक्त र पुरता डोळ्यांना दाखवला आहे, बाकी सगळीकडे तो बोलणाऱ्यावर सोपवला आहे. मावशींना हे सांगायची गरज पडली नाही. त्या दोन्ही शब्द बरोबर वाचतात, कारण ते शब्द त्यांचे आहेत.

क्ष आणि ज्ञ यांच्यावर मी वेळ घालवला नाही. त्यांत क आणि ष, किंवा ज आणि ञ शोधायला लावणे म्हणजे नवशिक्याला उगाच गुंतवणे आहे, विशेषतः ज्ञ मध्ये, जिथे आपण मराठीत द्न्य असे म्हणतो आणि ज चा मागमूसही ऐकू येत नाही. ती दोन नवी अक्षरे म्हणून दिली, संपले. त्र आणि श्र यांचेही तसेच केले. जास्त त्रास झाला तो एकाच जोडाक्षराच्या दोन चेहऱ्यांचा. अलीकडच्या शालेय पुस्तकांत "विद्‌यार्थी" आणि "शुद्‌ध" असे द चा पाय मोडून छापतात, आणि बाहेरच्या पाटीवर "शुद्ध" मध्ये ध हा द च्या पोटाखाली लोंबत असतो. नातवाच्या पुस्तकात एक आणि पाटीवर दुसरे पाहून मावशींना वाटले की हे दोन वेगळे शब्द आहेत. पुस्तकातले रूप शिकायला सोपे आहे यात वाद नाही, पण मोठ्या माणसाला पुस्तकापेक्षा पाट्या आणि कागदपत्रे जास्त वाचायची असतात, म्हणून मी लिहायला पाय मोडलेले रूप दिले आणि वाचायला दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

मोबाइलने एक वेगळीच परीक्षा घेतली. कुणाचा तरी निरोप आला होता आणि त्यात "पायर्या" असे लिहिले होते, कारण वाकडा र टाइप करायला साधा र चालत नाही, खाली टिंब असलेला ऱ शोधावा लागतो आणि घाईत कुणी तो शोधत नाही. मावशींनी लिहिले होते तसेच वाचले, पाय-र्-या, टाळीसकट, आणि थांबल्या. पुन्हा वाचले. मग मला विचारले की याचा अर्थ काय. मी सांगितले की पायऱ्या म्हणायचे आहे. "मग टोपी का घातली?" याला माझ्याकडे कीबोर्डच्या तक्रारीखेरीज काही उत्तर नव्हते.

वहीचे शेवटचे पान आता भरत आले आहे. त्यावर चमचा आणि मुलगी आहेत, सरपंच आहे. ब्राह्मण आहे, कारण तो शब्द मावशी, आणि खरे सांगायचे तर मीही, "ब्राम्हण" असाच म्हणते आणि लिहिताना मात्र ह आधी काढावा लागतो. त्यांनी विचारले की मग "चिन्ह" मध्ये न आधी का. मूळ शब्दात तिथेही ह च आधी होता, पण मराठीने चिन्ह हे रूप आपलेसे केले आणि ब्राह्मणाला तसाच ठेवला, एवढेच मी सांगू शकले. मावशींनी दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. त्यानंतर, मी सांगितलेले नसताना, आणखी एक जोडी खाली उतरवली: "करता" आणि "कर्ता". दोन्ही मोठ्याने वाचले, दोन्हींचा आवाज एकच आला. मग दुसऱ्या शब्दावरच्या टोपीवर पेन्सिलीने पुन्हा एकदा गिरवले आणि ती थोडी जाड केली.